घरून काम, अर्धवेळ काम आणि त्याचा रास्त मोबदला: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बी.कॉम. झालेली. 2012 साली नोकरी सोडली आणि 2023 मध्ये परत काम सुरू केलं. आता नाशिकमध्ये घरूनच तीन दुकानांचे हिशेब लिहिते. मधल्या अकरा वर्षांत व्हॅट गेला, जीएसटी आला आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चेहराच बदलला. सोसायटीतल्या, भिशीतल्या, मुलीच्या शाळेतल्या बायका मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एकदाचे लिहून काढले. उदाहरणं माझ्या हिशेबाच्या कामातली आणि शेजारणीच्या शिवणकामातली आहेत, कारण ती मी जवळून पाहिली आहेत.

जाहिरात खरी की फसवी, हे पटकन कसं ओळखायचं?

एकच गोष्ट बघा: पैसे कुठून कुठे चाललेत? काम करणाऱ्याला पैसे मिळतात, तो देत नाही. नोंदणी फी, अनामत, किट, ट्रेनिंग, आयडी कार्ड, "रिफंडेबल" डिपॉझिट, नाव काहीही असो, कामाआधी तुमच्याकडून पैसे मागितले की तिथेच थांबायचं. 350 रुपये मागितले तरी थांबायचं. रक्कम मुद्दाम छोटी ठेवलेली असते, म्हणजे गेली तरी कोणी तक्रार करत नाही.

दुसरी खूण म्हणजे काम आणि पैसा यांचा मेळ. पेन्सिली डब्यात भरायचे महिन्याला तीस हजार, अशी जाहिरात एका नामांकित पेन्सिलीचं चित्र लावून फिरत असते. आता विचार करा. दहा पेन्सिलींचा डबा दुकानात ज्या किमतीला मिळतो, त्यातून कंपनी तुमच्या घरी माल पाठवणार, परत नेणार आणि वर तुम्हाला तीस हजार देणार? हे काम कारखान्यात मशीन करतं. ज्या कामाला काहीच यावं लागत नाही, त्याला कुणी शिकलेल्या माणसाचा पगार देत नाही.

तिसरं, समोरच्याला कामाबद्दल दोन खोलातले प्रश्न विचारा. माल कुठून येणार, चुकलेला माल कोण मोजणार, पैसे कोणत्या तारखेला. खरा मालक या प्रश्नांना कंटाळून का होईना, पण उत्तरं देतो. फसवणारा म्हणतो, "मॅडम, आधी रजिस्ट्रेशन करून घ्या, सीट्स कमी आहेत."

फॉर्म भरण्याचं काम घेतलं होतं. आता वकिलाची नोटीस आली आहे, अटक होईल का?

नाही. आणि पैसेही भरू नका. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या खड्ड्यात मी स्वतः पडले आहे.

2022 ची गोष्ट. पाच दिवसांत 500 फॉर्म भरायचे, अचूकता 90 टक्के, महिन्याला बावीस हजार. फी काही नव्हती, म्हणून मला वाटलं की हे खरं असणार. एक "ॲग्रीमेंट" पाठवलं, त्यावर सही करून आधार आणि फोटोसकट परत पाठवायला लावलं. फॉर्म म्हणजे धुरकट चित्रं होती. त्यात नाव, पत्ता, आकडे असं काहीतरी, आणि शून्य आहे की इंग्रजी ओ हे कळूच नये अशी छपाई. रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून मी 430 भरले. पाचव्या दिवशी वेबसाइट बंदच पडली. सहाव्या दिवशी "क्वालिटी रिपोर्ट" आला: अचूकता 71 टक्के, कराराचा भंग, 5,800 रुपये भरा. आठवड्याने कोर्टाचं चिन्ह लावलेली पीडीएफ आली, खाली "ॲडव्होकेट" म्हणून सही. पाठोपाठ फोन: "उद्या पोलीस घरी येतील, शेजाऱ्यांसमोर शोभा होईल."

यातलं प्रत्येक पाऊल ठरवून टाकलेलं असतं. तुम्हाला कामाचे पैसे द्यायचेच नसतात. घाबरून तुम्ही दंड भरावा, हाच त्यांचा धंदा.

कायद्याची बाजू साधी आहे. करार मोडणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस अटक करायला येत नाहीत. करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि तीसुद्धा न्यायालयात जाऊन. न्यायालयात खरोखर दावा दाखल असेल, तर त्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो services.ecourts.gov.in वर टाकून कुणालाही बघता येतो. फोनवाल्याकडे मी तो क्रमांक मागितला. त्याने आवाज चढवला, क्रमांक काही दिला नाही. मी एक रुपया भरला नाही. तीन आठवडे फोन आले, मग बंद झाले.

तुम्ही काय करायचं? सगळे मेसेज, पीडीएफ, नंबर जपून ठेवा. cybercrime.gov.in वर तक्रार टाका. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवायचे असतात. आधारची प्रत पाठवली असेल, तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. यापुढे ओळखपत्र द्यायचं झालंच, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते मास्क्ड आधार द्या. आणि घरात सांगा. मी नवऱ्याला नऊ दिवस सांगितलं नव्हतं. त्या नऊ दिवसांचा त्रास नोटिशीपेक्षा मोठा होता.

टेलिग्रामवर लाइक करायचे, रिव्ह्यू टाकायचे पैसे खरंच मिळतात. मग ते खोटं कसं?

पहिले दीडशे-दोनशे मिळतात, कारण ते आमिष असतं. मग "प्रीपेड टास्क" येतो: हजार भरा, तेराशे मिळतील. एकदा मिळतात. मग पाच हजार, मग वीस. मोठी रक्कम अडकली की ती सोडवायला आणखी भरायला लावतात. ग्रुपमधले "मला पैसे मिळाले" म्हणणारे बहुतेक त्यांचेच असतात.

याच्याही पुढचा एक प्रकार आहे: "तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, दोन टक्के ठेवा." हे चुकूनही करू नका. ते दुसऱ्या कुणाचे चोरीचे पैसे असतात. तक्रार झाली की तुमचं खातं गोठवलं जातं आणि पोलिसांना उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

"मशीन तुम्ही घ्या, माल आम्ही विकत घेऊ" असं सांगतात. अगरबत्ती, पापड, द्रोण. हे करावं का?

अशा योजनेत मशीन विकणं हाच मुळात धंदा असतो. माल नेऊन दिला की "ओलावा जास्त आहे", "साइज चुकली" म्हणून परत पाठवतात. थोड्या दिवसांनी फोन लागत नाही. लाखभराचं मशीन घरात कापड झाकून पडून राहतं.

घरी न्यायचं काम सरळ पद्धतीने कसं चालतं, ते लिज्जतकडे बघा. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेली ही संस्था. पीठ शाखेत मळलं जातं. सभासद बाई, तिला तिथे बहीण म्हणतात, आदल्या दिवशी लाटलेले, वाळवलेले पापड घेऊन येते, ते तपासून वजन करतात, तिची वणाई म्हणजे लाटण्याची मजुरी चुकती करतात आणि नवं पीठ देतात. म्हणजे उडदाच्या डाळीचा भाव वाढला तर त्याची झळ तिच्या वणाईला लागत नाही, विक्रीची काळजी तिच्या डोक्यावर नाही आणि पैसे एका दिवसापेक्षा जास्त अडकत नाहीत. तिच्याकडून अपेक्षा असते ती चांगल्या पापडाची आणि वाळत घालायला स्वच्छ जागेची.

कुठलंही घरी आणायचं काम या मापाने मोजा. कच्चा माल कुणाचा, विक्रीची जोखीम कुणाची, पैसे किती दिवस अडकणार. तिन्हींची उत्तरं "माझा, माझी, माझे" अशी येत असतील, तर ते काम नव्हे, तो तुमचा धंदा आहे. धंदा करायला हरकत नाही, पण मग नफाही धंद्याइतका हवा. मजुरीच्या भावात धंद्याची जोखीम घ्यायची नाही.

मग खरी कामं मिळतात कुठे?

बहुतेक वेळा घरापासून दोन किलोमीटरच्या आत. माझं पहिलं काम मला सीए ऑफिसच्या दारावरच्या कागदावरून मिळालं. "टॅली येणारी पाहिजे, दुपारी." इंटरनेटवर मी आठ महिने घालवले होते.

कारण असं की अर्धवेळ माणसाची गरज ज्याला असते, तो सहसा छोटा असतो आणि छोटा माणूस जाहिरात देत नाही. हिशेबाचं घ्या. जीएसटीआर-1 आणि 3बी ही जीएसटीची मासिक रिटर्नं; पहिल्याची तारीख दर महिन्याची 11, दुसऱ्याची 20. त्यामुळे सीए ऑफिसात महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत हात कमी पडतात, नंतर दहा दिवस तुलनेने निवांत. जुलै आणि सप्टेंबरमध्ये रिटर्न आणि ऑडिटची धांदल वेगळी. त्यांना पूर्ण पगाराचा माणूस परवडत नाही, पण दुपारचे तीन तास कुणी करून दिले तर हवेच असतात. म्हणून विचारायला जायचं ते 22 तारखेनंतर. 9 तारखेला गेलात तर तुमच्याकडे वर बघायलाही कुणाला फुरसत नसते. क्लासेस, शाळा, दवाखाने, सोसायट्या, प्रत्येकाची अशी एक अडलेली वेळ असते. ती शोधा आणि त्याच्या थोडं आधी पोहोचा.

सरकारी नोंदणी म्हणाल तर राज्याचं महास्वयम आणि केंद्राचं ncs.gov.in ही नोकरीची पोर्टल्स, दोन्ही मोफत आहेत. तिथे नाव घालायला एजंट लागत नाही. मोठ्या कंपनीतल्या अनुभवानंतर खंड पडलेला असेल, तर टाटा समूहासारख्यांचे खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठीचे कार्यक्रम आणि जॉब्सफॉरहर नावाने सुरू झालेली, आता हरकी म्हणून ओळखली जाणारी साइट बघावी. पण तिथली बरीच कामं मोठ्या शहरांतली आणि पूर्णवेळ असतात.

अकरा वर्षांचा खंड कसा समजावून सांगू?

एका वाक्यात, आणि माफी न मागता. "2012 ते 2023 घर सांभाळलं, त्यानंतर जीएसटी आणि नवीन टॅली शिकले." समोरच्याला खंडाचं कारण नको असतं, आज काय येतं ते हवं असतं. मी दीराच्या दुकानाची तीन महिन्यांची खरेदीची बिलं टॅलीत भरून, ती जीएसटी पोर्टलवरच्या 2बी या खरेदीच्या यादीशी जुळवून, न जुळलेल्यांची यादी छापून नेली होती. सीए साहेबांनी प्रमाणपत्र बघितलंच नाही. यादी बघितली आणि विचारलं, "सोमवारपासून?"

मोबदला रास्त आहे की नाही, हे मोजायचं कशाने?

सगळ्या प्रकारच्या मोबदल्याचा आधी ताशी दर काढायचा. नगावर मिळो, महिन्यावर मिळो, शब्दावर मिळो, शेवटी एका तासाचे हातात किती पडले ते बघायचं. मग तो आकडा किमान वेतनाशी लावून बघायचा.

किमान वेतन महाराष्ट्रात उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गवारीप्रमाणे ठरतं. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून जुना आकडा धरू नका. ताजे दर कामगार विभागाच्या mahakamgar.maharashtra.gov.in वर बघता येतात. तिथून तुमच्या कामाच्या जवळचा मासिक दर घ्या, त्याला 26 दिवसांनी आणि मग 8 तासांनी भागा, म्हणजे एकूण 208 ने. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, मासिक दर 14,560 आहे. भागिले 208, म्हणजे तासाला 70 रुपये.

पण इथे एक गफलत होते. हे 70 रुपये नोकरीवर जाणाऱ्याचे. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत मालक 12 टक्के घालतो, बोनस कमीत कमी 8.33 टक्के मिळतो, आणि भरपगारी रजा, सणाच्या सुट्ट्या धरल्या तर आणखी आठेक टक्के होतात. घरून नगावर काम करणारीला यातलं काही मिळत नाही. म्हणून मी साधारण तीस टक्के वर धरते. 70 चे 91 होतात. त्यात तुमची वीज, मशीन, इंटरनेट अजून आलेलं नाही, ते खर्चातून वेगळं वजा करायचं.

तर दोन रेषा आखून घ्या. 70 च्या खाली गेलं तर काम घ्यायचं नाही, किंवा शिकण्यापुरतं आणि ठरावीक दिवसच घ्यायचं. 91 च्या वर असेल तर रास्त. मध्ये असेल तर बोलायचं.

एक स्पष्ट करते: तुम्ही स्वतंत्रपणे, फी घेऊन काम करत असाल, तर किमान वेतनाचा हक्क सांगता येतोच असं नाही. मी ते केवळ मोजपट्टी म्हणून वापरते. घरी काम करणारीला कायद्याने कामगार मानल्याची उदाहरणंही आहेत. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका घरीच विड्या वळतात, पण 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने त्यांना कामगार धरलं. त्यामुळे हजार विड्यांमागे मजुरीचा दर आणि भविष्यनिर्वाह निधी हे तिथल्या बायका हक्काने बोलण्याचे विषय आहेत.

नगावरच्या कामाचा ताशी दर प्रत्यक्ष काढून दाखवाल का?

आमच्या मजल्यावरची ताई एका साडीच्या दुकानासाठी फॉल-बिडिंग करते. दुकान तिला साडीमागे 70 रुपये देत होतं, फॉल तिचा. "घरबसल्या सत्तर, वाईट काय?" असं ती म्हणायची. एका दुपारी मी मोबाइलचं घड्याळ लावून तिच्या शेजारी बसले.

फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करावा लागतो, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीला खालून चुण्या पडतात. त्यात हात लागण्याची वेळ 8 मिनिटं. खालच्या काठाला मशीनची शिलाई, 7 मिनिटं. वरच्या काठाला हातटाके, ते साडीवर दिसता कामा नयेत, 35 मिनिटं. पदराकडचं बिडिंग, धाग्याचा रंग बदलण्यासकट 10 मिनिटं. दुकानात जाऊन-येऊन तास जातो, एका खेपेला बारा साड्या, म्हणजे साडीमागे 5. एकूण 65 मिनिटं.

खर्च: फॉल 18, धागा 4, वीज आणि मशीनचं तेल-सुई 3. एकूण 25. हातात उरले 45. म्हणजे तासाला साडेएकेचाळीस रुपये.

ती गप्प झाली. मला वाटलं, उगाच मोजलं. पण मग आम्ही आकडे फिरवून पाहिले. फॉल आणि धागा दुकानाने दिला, तर तिचे 67 उरतात, म्हणजे तासाला 62. तरीही 70 च्या खालीच. दुकान गिऱ्हाइकाकडून 150 घेतं, हे तिला ठाऊक होतं. तिने सोसायटीत थेट 130 ने घ्यायला सुरुवात केली. खेप वाचली, पण गिऱ्हाइकाशी बोलण्यात तेवढाच वेळ जातो, म्हणून मिनिटं तीच धरली. 130 वजा 25, उरले 105. तासाला 97.

दुकानाचं काम तिने लगेच सोडलं नाही, आणि ते बरोबरच केलं. थेट गिऱ्हाईक लग्नसराईत येतं, पितृपक्षात येत नाही. दुकानाला मात्र तिने दोन गोष्टी सांगितल्या: फॉल तुमचा, आणि साडीवर डाग आधीपासून असेल तर तो देतानाच वहीत लिहायचा. ही दुसरी अट पैशाच्या अटीइतकीच महत्त्वाची. चार हजारांच्या साडीचा डाग एकदा माथी आला की साठ-सत्तर साड्यांची मजुरी बुडाली.

महिन्यावर पैसे ठरले असतील तर?

तिथे फसगत तासांची होते. मला "महिना सहा हजार, रोज दोन तास" असं सांगितलं होतं. सव्वीस दिवसांचे 52 तास, म्हणजे तासाला 115. मी खूश. पहिल्या महिन्यात वहीत तास लिहिले, तर ते 88 भरले. सहा हजार भागिले 88, म्हणजे 68.

सगळे तास कुठे गेले, तेही लिहिलं होतं. तीन दुकानांच्या मिळून 1,150 नोंदी, तासाला पंचवीसच्या वेगाने 46 तास. 2बी शी जुळवणी 9 तास. चुका दुरुस्ती 12. आणि 21 तास कशाला? व्हॉट्सॲपवर आलेले बिलांचे वाकडे फोटो उघडणं, जीएसटी क्रमांक वाचता येत नाही म्हणून फोन करणं, "दादा, 14 तारखेचं बिल राहिलंय" असं दिवसातून चारदा सांगणं. या 21 तासांना कुणी काम म्हणत नाही. ठरवताना साहेबांच्या डोक्यातही ते नव्हते.

ती वही घेऊन मी बोलायला गेले. वाढवा असं म्हटलं नाही. दोन प्रस्ताव ठेवले: सहा हजारांत 800 नोंदी, त्यावर प्रत्येकी 7 रुपये. आणि बिलं 5 तारखेच्या आत, तारखेच्या क्रमाने, स्कॅन करून ऑफिसात यायला हवीत. दुसऱ्या प्रस्तावावर साहेब जास्त खूश झाले, कारण त्यांनाही तोच त्रास होता. पुढच्या महिन्यात तेवढ्याच नोंदींचे 8,450 मिळाले. फोनाफोनीचे तास 21 वरून 8 झाले. एकूण 75 तास, म्हणजे तासाला साधारण 113.

म्हणून महिन्याचा आकडा ठरवताना कामाची मर्यादा आकड्यात लिहून घ्या: नोंदी, पानं, मुलं, डबे, जे काही असेल ते. एक व्हॉट्सॲप मेसेज पुरतो: "आपलं ठरल्याप्रमाणे इतके, इतक्या पैशांत, दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत." समोरून "ओके" आलं की झालं.

हिशेबाच्या कामातलं आणखी एक. टॅलीचा परवाना ऑफिसचा असावा, आपण घरून जोडणी करून काम करावं. आणि पोर्टलचा ओटीपी दुकानदाराच्या मोबाइलवरच जावा. आपला नंबर तिथे देऊ नका. रिटर्नमध्ये काय गेलं याची जबाबदारी सहा हजारांत घ्यायची नसते.

नमुना म्हणून फुकट काम करून द्यावं का?

अर्धा तास, फार तर एक तास. त्यापुढे नाही. भाषांतराला "नमुना" म्हणून दहा पानं मागणारा पाच जणींकडून पन्नास पानं करून घेतो आणि एकीलाही काम देत नाही.

पैसे थकवले तर?

आधी थकू न देण्याचं बघा. नव्या माणसाचं काम पंधरा दिवसांच्या तुकड्यांत द्यायचं. पहिल्या तुकड्याचे पैसे आले नाहीत तर दुसरा सुरू करायचा नाही. त्यामुळे बुडालंच तर पंधरा दिवसांचं बुडतं.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेवा. ती udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅनवर मोफत होते. पैसे मागणाऱ्या साइट्स दिसतात, त्या सरकारी नाहीत. उपयोग असा की नोंदणी झाल्यानंतर दिलेल्या कामाचे पैसे 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. चार हजारांसाठी तिथवर जाणं मला स्वतःला परवडलं नसतं. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापायला लागल्यापासून बिलं वेळेत सुटायला लागली.

ऑफिसने पैशांतून टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापला. गेले का ते?

गेले नाहीत. व्यावसायिक फी म्हणून दिलेली रक्कम वर्षाला 50,000 च्या वर गेली की 10 टक्के कापले जातात. माझ्या पहिल्या ठरलेल्या दराने 72,000 वर 7,200 होतात. आपलं उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून ते खात्यात परत येतात. कापलेले पैसे आपल्या पॅनवर जमा झाले का, हे आयकर पोर्टलवरच्या करजमेच्या विवरणपत्रात दिसतं. जुलैची वाट न बघता मध्येच एकदा बघून घ्या, कारण चुकीच्या पॅनवर गेलेले पैसे निस्तरायला ऑफिसच्या मागे लागावं लागतं. आणि पॅन दिलंच नसेल तर कपात 20 टक्के होते.

दर वाढवायला कधी सांगायचं?

नवं काम घेताना किंवा काम वाढताना. बरोब्बर अडलेल्या वेळी, म्हणजे 19 तारखेला 3बी डोक्यावर असताना सांगितलं तर मिळेलही, पण माणूस ते लक्षात ठेवतो. मी एप्रिलमध्ये सांगते, नवं आर्थिक वर्ष असतं आणि सगळेच आकडे तेव्हा बदलतात. आमच्या ताईने मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. नवरात्राच्या आधी दाराला पुठ्ठा लावला, "फॉल-बिडिंग 140", आणि खाली बारीक अक्षरांत "फॉल भिजवून लावला जातो". पहिल्याच दिवशी आलेल्या बाईने दराबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "भिजवून म्हणजे काय हो?"